सहा महिने दोन स्प्रिंगा: एसएचएमची उत्तरं तपासताना

बारावीच्या मुलांना उत्तर बरोबर की चूक हे पुस्तकामागच्या यादीत बघायची सवय. म्हणून जूनमध्ये दोन सारख्या स्प्रिंगा, वजनं आणि एक स्टँड घेतला. पाकिटावर स्थिरांक 25 न्यूटन प्रति मीटर छापलेला. 200 ग्रॅम टांगले तर स्प्रिंग 9.8 सेंटिमीटर लांबली, म्हणजे खरा 20. दुसरीचाही तेवढाच. पाकीट टाकून दिलं.

सूत्रानं आवर्तकाल 0.628 सेकंद येतो, म्हणजे 50 दोलनांना 31.4. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दर वेळी 32.2 च्या आसपास. आधी वाटलं, बटण दाबायला उशीर होतोय. पण अंगठ्याची चूक कधी जास्त, कधी कमी अशी व्हायला हवी. ही कायम जास्तच. शेवटी स्प्रिंगच तराजूत टाकली: 30 ग्रॅम! तिचा एक तृतीयांश भाग, 10 ग्रॅम, वस्तुमानात धरला की 0.644 सेकंद येतात आणि हिशोब जुळतो. पुस्तकातली स्प्रिंग बिनवजनाची असते, हे वाक्य मुलं तोवर वाचतच नव्हती.

जोडण्यांत मात्र मजा आली. एकसर जोडणीत 50 दोलनांना 46.6 सेकंद, समांतरमध्ये 23.3. दोन्ही आकडे सूत्रापेक्षा जास्त, पण गुणोत्तर चोख 2. कारण दोन्ही वेळा स्प्रिंगांमुळे वाढणारं वस्तुमान तेच, 20 ग्रॅम. म्हणून आता मी आकडा नाही, गुणोत्तर तपासायला सांगतो. एकसरला स्थिरांकांची थेट बेरीज करणाऱ्या मुलाचं उत्तर इथंच उलटं पडतं. (समांतरला खाली आडवी कांडी लागते, तिचं वजन 200 ग्रॅममध्येच धरा.)

ऊर्जेला हा संच थेट उपयोगी नाही, पण एक भांडण त्यानं मिटवलं. आयाम 4 सेंटिमीटर, मध्यापासून 2 सेंटिमीटर खाली स्थितिज ऊर्जा किती? एकीनं स्प्रिंगचा पूर्ण ताण, 11.8 सेंटिमीटर, सूत्रात घातला आणि 0.139 ज्यूल काढले. एकूण ऊर्जाच 0.016 असताना! फळ्यावर मांडलं: मध्याशी स्प्रिंगमध्ये आधीच 0.096 ज्यूल असतात, आणि 2 सेंटिमीटर खाली येताना गुरुत्वाची स्थितिज ऊर्जा 0.039 नं घटते. दोन्ही वजा केले की उरतात 0.004. म्हणजे विस्थापन मध्यापासून मोजलं तर गुरुत्व आपोआप हिशोबात येतं. गतिज ऊर्जा 0.012, पाऊण हिस्सा. अर्ध्या आयामाला निम्मी-निम्मी लिहिणारे दरवर्षी भेटतात. निम्मी-निम्मी होते ती 2.83 सेंटिमीटरवर.

तक्रार एकच. नोव्हेंबरमध्ये कुणीतरी एक स्प्रिंग जोरात ओढली, कड्या सुटल्या, ती आता रिकामीही लांब दिसते. मी दुसरी मागवणार होतो. मोजलं तर दर 50 ग्रॅमला अजून 2.45 सेंटिमीटरच लांबते. तीच वापरतोय.