ऋण संख्यांचे निदान प्रश्न: सहा महिने वर्गात वापरल्यावर

यावल तालुक्यातल्या एका गावात मी सहावी-सातवीला गणित शिकवतो. जुलैपासून ऋण संख्यांसाठी निदान प्रश्न वापरतोय. तासाच्या सुरुवातीला फळ्यावर एकच प्रश्न, त्याला पाच पर्याय. मुलं डोळे मिटून छातीशी बोटं धरतात. तिसरा पर्याय असेल तर तीन बोटं. वह्या तपासायच्या नाहीत, गुण द्यायचे नाहीत. फक्त कोण कुठल्या चुकीवर आहे ते बघायचं.

पहिला महिना जवळजवळ वाया गेला, कारण माझे प्रश्नच भोळे होते. −5 आणि 2 यांत मोठी कोण, असं विचारलं की सगळा वर्ग बरोबर. मी खूश. मग −7 आणि −3 विचारलं, तर अर्ध्याहून जास्त वर्गाने −7 दाखवला. पहिल्या प्रश्नाला ‘वजावाली लहान’ एवढं पाठ असलं तरी भागत होतं.

पुस्तकातलं तापमानाचं उदाहरण आमच्याकडे चालत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जाणाऱ्या मुलखात शून्याखालचं कोणाला काय कळणार? म्हणून मी उधारी घेतली. त्यात एक मुलगी म्हणाली, “सर, सातनी उधारी मोठी शे ना!” तिचं चूक नव्हतंच. ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये धन आणि ऋण असेच शब्द वापरले, आणि ऋण म्हणजे कर्ज. कर्ज सातचंच मोठं. पण संख्या म्हणून विचारताना प्रश्न ‘कोणाची उधारी मोठी’ असा नसतो, ‘हिशेब चुकता केल्यावर कोण जास्त बऱ्या स्थितीत’ असा असतो. तेव्हापासून मी दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी विचारतो.

सगळ्यात कामाचा ठरलेला प्रश्न अगदी साधा दिसतो: −2 + 5 = ? पर्याय 3, 2, 4, −7 आणि −3. बरोबर उत्तर 3. बाकीचे चार मी हवेतून काढलेले नाहीत. संख्यारेषेवर उड्या मोजायच्या सोडून जो −2 लाच ‘एक’ म्हणतो, तो −2, −1, 0, 1, 2 असं मोजत 2 वर थांबतो. ज्याच्या लेखी शून्य ही संख्याच नाही, तो −1 वरून थेट 1 वर उडी मारतो आणि 4 वर पोहोचतो. −7 वाल्याने बेरीज केली आणि पहिल्या संख्येचं चिन्ह लावलं. −3 वाल्याने पाचातून दोन बरोबर वजा केले, चिन्ह मात्र पहिल्या संख्येचं उचललं. वहीत या चारही ठिकाणी मी नुसती लाल फुली मारली असती. आता 2 वाल्याला फक्त ‘उड्या मोज, टिंबं नको’ एवढं सांगतो. −7 वाल्याला ते सांगून उपयोग नाही. त्याला दोनची उधारी फेडून खिशात किती उरले ते विचारावं लागतं.

आकडे निवडताना एकदा चांगलाच फसलो. −8 − (−3) दिलं, बहुतेकांनी −5 दाखवलं. बरोबर! पण कारण विचारल्यावर कळलं, काहींनी आठातून तीन काढून पुढे वजा लावला होता. काहींनी आठच्या उधारीतली तीन माफ केली होती, म्हणजे विचार पक्का होता. उत्तर दोघांचं एकच. दुसऱ्या दिवशी तेच आकडे उलटे केले: −3 − (−8). पहिल्या गटाने पुन्हा −5 दाखवलं, खरं उत्तर 5. माफीवाले मात्र अडकले, तीनच्या उधारीतून आठ माफ कशी करणार म्हणून. त्यांच्यासाठी ‘जवळ पाच रोख आणि आठ उधार’ अशी −3 ची मांडणी केली. आठ माफ झाले की पाच उरतात. हे पटायला दोन तास गेले.

सातवीत गुणाकार झाल्यावर नवीच पीडा सुरू होते. ‘दोन वजा म्हणजे अधिक’ हे वाक्य मुलं जिथे-तिथे वापरतात आणि −3 − 8 चं उत्तर 11 येतं. सहावीत हेच उदाहरण बरोबर सोडवणारी पोरंसुद्धा इथे घसरतात. म्हणून हा प्रश्न गुणाकाराच्या आधी एकदा आणि नंतर एकदा विचारतो.

तक्रारी आहेतच. अंदाजाने बोट दाखवणारे ओळखू येत नाहीत, म्हणून रोज दोघा-तिघांना ‘कसं काढलंस?’ विचारावंच लागतं, बरोबर असलेल्यालाही. एक चांगला प्रश्न तयार करायला माझी संध्याकाळ जाते. शून्य टाळणारी दोन मुलं ऑगस्टमध्ये सुधारली असं वाटलं होतं. डिसेंबरात −4 + 6 विचारलं, दोघांचीही तीन बोटं वर. तिसरा पर्याय 3 होता.