तोच फोन, दहा महिने लॉक्ड आणि सहा महिने अनलॉक्ड

मी दीड वर्षापूर्वी पुण्याहून अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ब्लूमिंग्टनला एमएस करायला आले. इथे आधी पुण्यात घेतलेला फोन वापरला, मग इथल्या मोबाइल कंपनीचा लॉक्ड, म्हणजे फक्त तिचंच सिम घेणारा फोन, आणि आता तोच फोन पैसे भरून, लॉक काढून वापरते आहे. निघण्याआधी मला सगळे सांगत होते, "अनलॉक्ड फोन घेऊन जा, काही प्रॉब्लेम येत नाही." तो सल्ला अर्धाच होता, म्हणून सविस्तर लिहिते.

पुण्याहून नेलेला अँड्रॉइड फोन साधारण वीस हजारांचा होता, अनलॉक्डच. भारतात सुटे विकले जाणारे फोन बहुतेक तसेच असतात. विमानतळावर आणि कॅम्पसवर नेटवर्क छान मिळालं. पण आमचं घर तळघरातलं, विटांच्या जाड भिंतींचं. दारातून आत पाऊल टाकलं की रेंज गायब. रूममेटचा फोन त्याच कंपनीच्या सिमवर, त्याच सोफ्यावर व्यवस्थित चालायचा. दोन आठवडे मी कंपनीलाच दोष देत होते. शेवटी फोनच्या खोक्यावरचा मॉडेल नंबर घेऊन त्याचे बँड तपासले, तेव्हा कारण कळलं.

मोबाइलचं नेटवर्क वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर चालतं आणि त्या प्रत्येक पट्ट्याला बँड म्हणतात. इमारतींच्या आत आणि गावाबाहेर लांबवर पोहोचतात ते कमी फ्रिक्वेन्सीचे बँड. अमेरिकेत 600 आणि 700 मेगाहर्ट्झचे बँड 71, 12 आणि 13 हे काम करतात. भारतात हे बँड वापरात नाहीत, त्यामुळे भारतासाठी बनवलेल्या स्वस्त आणि मध्यम किमतीच्या फोनांमध्ये ते बऱ्याचदा दिलेलेच नसतात. माझ्या फोनमध्ये 1, 3, 5, 8, 40, 41 होते. 71 आणि 12 नव्हते. लॉक नसलेला फोन कुठलंही सिम घेतो एवढंच. त्या सिमचं नेटवर्क त्याला पकडता येईल की नाही, हा वेगळा प्रश्न आहे.

दुसरी अडचण कॉलची. इथल्या मोठ्या कंपन्यांनी 2022 मध्ये थ्रीजी बंद केलं, त्यामुळे साधा आवाजाचा कॉलसुद्धा फोरजी किंवा फाइव्हजीवरूनच जातो. त्यासाठी कंपनीने तुमचं मॉडेल मान्य केलेलं असावं लागतं, नाहीतर इंटरनेट चालतं आणि कॉल लागत नाही. हे भारतात बसूनच तपासता येतं. फोनवर `*#06#` डायल केलं की आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर दिसतो. तो इथल्या कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की फोन चालेल की नाही ते सांगतात. मी हे केलं नव्हतं.

डिसेंबरमध्ये मी कंटाळून एका सीनियर ताईच्या फॅमिली प्लॅनवर गेले. मला इथे क्रेडिट हिस्टरी नव्हती, त्यामुळे माझ्या नावावर हप्त्याचा फोन मिळणं कठीण होतं. ताईच्या खात्यावर तो "फुकट" मिळाला. फोनची किंमत 540 डॉलर, 36 हप्ते, म्हणजे महिन्याला 15 डॉलर. बिलात हे 15 लागायचे आणि लगेच खाली 15 ची सूट वजा व्हायची. सूट 36 महिन्यांत विभागलेली, आणि माझं एमएस दोन वर्षांचं! मध्येच लाइन बंद केली तर सूट थांबते आणि उरलेले हप्ते एकदम भरावे लागतात. हे करारात स्पष्ट लिहिलं होतं. ताईने मला तो पाठवलाही होता, मी वाचला नाही.

फोन म्हणून तो उत्तम. तळघरातही रेंज, कॉल लगेच लागायचे. त्रास झाला तो पुण्याच्या सिमचा. माझं शैक्षणिक कर्ज आणि बचत खातं भारतातल्या बँकेत आहे. तिचे ओटीपी पुण्याच्या नंबरवरच येतात. ते सिम नव्या फोनमध्ये घातलं तर पडद्यावर `SIM network unlock PIN` मागितला. लॉकचा अर्थ हाच की फोन फक्त त्या एका कंपनीचं सिम घेतो. दुसऱ्या कंपनीचं सिम, मग ते प्लास्टिकचं असो की फोनमध्येच डाउनलोड होणारं ई-सिम, चालत नाही.

म्हणून जुना फोन ओटीपीपुरता टेबलाच्या खणात ठेवला, लागला की रेंजसाठी दाराबाहेर न्यायचे. मार्चमध्ये मुलाखतीसाठी शिकागोला गेले होते आणि बाबांना त्याच दिवशी माझ्या खात्यातून पैसे हवे होते. लॉगिन केलं, ओटीपी गेला खणातल्या फोनवर. रूममेट क्लासमध्ये होती. बाबा बँकेत काउंटरसमोर दोन तास बसून राहिले. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की परदेशात फोनमधली दुसरी सिमची जागा ही चैन नाही.

ऑक्टोबरमध्ये ताईला सिअ‍ॅटलला नोकरी लागली आणि ती ऑफिसच्या प्लॅनवर जाणार म्हणून लाइन बंद करायची ठरली. 26 हप्ते उरले होते, म्हणजे 390 डॉलर. प्लॅनमधला माझा वाटा महिन्याला 45 डॉलर होता. आधीचं प्रीपेड 20 मध्ये भागत होतं, म्हणजे दर महिन्याला 25 जास्त, दहा महिन्यांचे 250. दोन्ही मिळून 640. दुकानातून रोख घेतला असता तर तोच फोन 540 ला माझा झाला असता, आणि पहिल्या दिवसापासून अनलॉक्ड.

आमच्या कंपनीत अनलॉक स्वतःहून होत नव्हतं. पूर्ण पैसे फेडलेले हवेत, फोन काही ठरावीक दिवस त्यांच्या नेटवर्कवर चाललेला हवा, आणि फोन चोरीला गेल्याची नोंद नको. हा अर्ज मी खातं बंद होण्याच्या आधी ताईकडूनच करून घेतला, कारण खातेदार ती होती. दोन दिवसांनी मंजुरी आली, फोन रीस्टार्ट केला आणि पुण्याचं सिम घातलं. मिनिटभरात भारतातल्या कंपनीचं रोमिंग दिसलं आणि बँकेचा जुना एसएमएस येऊन पडला. मी खरंच रडले.

आता सहा महिने एकाच फोनमध्ये इथलं प्रीपेड ई-सिम आणि पुण्याचं सिम आहे. पुण्याच्या नंबरचं रोमिंग चालू, डेटा बंद, आणि वैधता टिकवण्यापुरतं रिचार्ज भाऊ करतो. येणाऱ्या एसएमएसचे पैसे मला पडत नाहीत.

आयफोनवाल्यांनी एक गोष्ट बघावी. अमेरिकेत विकले जाणारे आयफोन 14 पासून सिमच्या खाचेशिवाय येतात, त्यामुळे भारताचा नंबर निघण्याआधीच ई-सिम करून घ्या. लॉक आहे का ते `Settings > General > About` मध्ये `Carrier Lock` च्या पुढे दिसतं. `No SIM restrictions` असेल तरच मोकळा. वापरलेला फोन घेताना तर पैसे देण्याआधी हे उघडूनच बघा.

कॅनडात डिसेंबर 2017 पासून आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर 2021 पासून कंपन्यांना लॉक्ड फोन विकायला बंदी आहे, तिकडे जाणाऱ्यांना फक्त बँडचं आणि हप्त्यांचं बघायचं. पाच-सहा वर्षं अमेरिकेत राहायचं नक्की असेल आणि भारतातल्या खात्याचे ओटीपी दुसऱ्या कुणाकडे येत असतील, तर हप्त्याचा लॉक्ड फोनही चालेल.

माझी मावसबहीण ऑगस्टमध्ये डॅलसला येते आहे. तिच्या फोनचा मॉडेल नंबर मागवून आम्ही बँड बघितले, 12 आहे, 71 नाही. तिच्या वसतिगृहाजवळ कुठल्या कंपनीचं नेटवर्क चांगलं आहे ते तिथल्या मुलींना विचारलं, आणि त्या कंपनीचं 71 वर अवलंबून नाही म्हटल्यावर तोच फोन आणायला सांगितला.