कबीरांचे निधन: संवत 1505 की 1575?

कबीरांच्या निधनाची दोन वर्षे दोह्यांतून चालत आली आहेत, संवत 1505 आणि संवत 1575. संवतातून 57 वजा केले की इसवी सन 1448 आणि 1518 मिळतात.

1518 ला मोठा आधार सिकंदर लोदीच्या (कारकीर्द 1489–1517) भेटीच्या कथेचा आहे. मात्र सुलतानाने संताची परीक्षा घेणे हा संतचरित्रांतला फिरता प्रसंग आहे. तो नामदेवांच्या चरित्रातही येतो. शिवाय परंपरेने दिलेला 1398 हा जन्म धरला, तर आयुष्य 120 वर्षांचे होते. रामानंदांचे शिष्यत्व आणि लोदीची भेट ही दोन्ही टोके साधण्यासाठी ते ताणले गेले असावे, असे मला वाटते.

1448 चा आधार वरवर अधिक भक्कम दिसतो, कारण मगहर येथील कबीरांचा रौजा, म्हणजे कबरीवरची वास्तू, बिजली खानाने 1450 मध्ये बांधली, असे पुरातत्त्वज्ञ फ्यूरर यांनी 1891 च्या पुरातत्त्वीय ग्रंथात नोंदवले. परंतु त्यांनी त्यासाठी कोणताही पुरावा दिला नाही आणि पुढे त्यांची इतर काही संशोधने बनावट ठरली. म्हणून ही नोंद शिलालेखाच्या तोलाची मानता येत नाही.

तरीही मी 1448 कडे किंचित झुकतो, कारण तो मानल्यास मुख्यतः लोदीची कथा सोडावी लागते.