उरलेले डॉलर परत विकायचे असतील तर: नोटा की फॉरेक्स कार्ड?

परदेशी जाताना हाताशी असावेत म्हणून थोडे जास्त डॉलर घ्यायचे आणि उरलेले परत विकायचे, असा बेत आपल्याकडे पुष्कळ जण करतात. मात्र त्याचा खर्च एका बाजूचा दर पाहून कळत नाही. फोर्टमधल्या एखाद्या चलन बदलणाऱ्या दुकानाच्या फलकावर दोन दर असतात. ज्या दराने दुकानदार आपल्याला डॉलर विकतो तो वरचा, ज्या दराने तो आपल्याकडून घेतो तो खालचा, आणि बाजारातला दर साधारण या दोहोंच्या मध्ये असतो.

उदाहरणासाठी मधला दर ८५ रुपये धरू. नोटांसाठी दुकानाचे दर ८६.७० आणि ८३.३० असतील, तर मधल्या दरापासून दोन्हीकडे दोनच टक्के अंतर दिसते. परंतु परत विकलेल्या प्रत्येक डॉलरमागे ३.४० रुपये जातात. एक हजार डॉलर घेऊन तीनशे परत आणले, तर तफावतीचे १,०२० रुपये झाले. त्यावर जीएसटी आहे: एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेचा १ टक्का, किमान २५० रुपये, हे करपात्र मूल्य धरून त्यावर १८ टक्के आकारले जातात, आणि ते घेताना व विकताना असे दोन्ही वेळा लागतात. खरेदीच्या कराचा तीनशे डॉलरपुरता वाटा ४७ आणि विक्रीचे ४५ मिळून एकूण सुमारे १,११२ रुपये होतात.

फॉरेक्स कार्डाचे, म्हणजे आधीच डॉलर भरून घेतलेल्या कार्डाचे, दर ८६ आणि ८४ मिळाले, तर त्याच तीनशे डॉलरवर तफावत ६०० आणि कर साधारण ९२, म्हणजे ६९२ रुपये होतात. शिवाय खर्च झालेल्या सातशे डॉलरवर प्रत्येकी ७० पैसे, म्हणजे ४९० रुपये वाचतात. मात्र कार्ड देण्याचे शुल्क करासह ३५४ रुपये असेल, तर नोटांच्या तुलनेत होणारी एकूण ९१० रुपयांची बचत ५५६ वर येते, आणि शिल्लक परत घेण्याचे वेगळे शुल्क असेल तर ती आणखी घटते. हे शुल्क कार्ड घेतानाच विचारावे. परतल्यावर विचारून उपयोग नसतो.

उरलेली रक्कम अगदी लहान असेल, तर हिशोब वेगळाच होतो. चाळीस डॉलर विकून येणाऱ्या ३,३३२ रुपयांतून किमान कराचे ४५ रुपये, म्हणजे सव्वा टक्क्याहून अधिक, निघून जातात. एक किंवा पाच डॉलरच्या नोटांना दर कमी मिळू शकतो आणि नाणी सहसा कोणी घेत नाही.

‘शून्य कमिशन’ या पाटीने यातले काहीच बदलत नाही. एकाच फोनवर, एकाच मिनिटाला, विक्रीचा आणि खरेदीचा असे दोन्ही दर विचारावेत. आज घेतले आणि महिन्याने विकले, तर रुपयाची चढउतार हिशोबात मिसळते आणि तफावत त्यात झाकली जाते.

वर्षभरात पुन्हा प्रवास ठरला असेल, तर मी नोटा विकणार नाही. निवासी व्यक्तीला दोन हजार डॉलरपर्यंतच्या परकीय नोटा जवळ ठेवता येतात. त्यापुढची न वापरलेली रक्कम परतल्यापासून १८० दिवसांत बँकेकडे किंवा अधिकृत दुकानात द्यावी लागते.