चाळीस मिनिटांचे सादरीकरण पाच मिनिटांत: कोणती स्लाइड ठेवावी, कोणती जोडावी, कोणती गाळावी

चाळीस मिनिटांसाठी केलेला ३२ स्लाइड्सचा संच पाच मिनिटांत बसवायचा म्हणजे सरळ हिशेबाने चार स्लाइड्स हाती उरतात. प्रत्येक स्लाइडबाबत तीन पर्याय असतात: ती आहे तशी ठेवावी, दुसरीत जोडावी किंवा गाळावी. बहुतेक जण जोडण्याकडे वळतात, कारण त्यात काही सोडून दिल्याची रुखरुख राहत नाही. माझ्या मते तिन्हींतला सर्वांत फसवा पर्याय हाच आहे आणि तो नीट जमला तर सर्वांत उपयोगी पर्यायही हाच आहे.

उदाहरणासाठी दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या एखाद्या गावाचा अभ्यास घेऊ. ओढ्यावरच्या जुन्या सिमेंट बंधाऱ्यात गाळ साचला होता. एक वर्ष २४ विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला मोजली, उन्हाळ्यात गाळ काढला आणि पुढचे वर्षभर पुन्हा मोजणी केली. यांपैकी १४ विहिरी बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला जवळ आहेत, तर १० त्याचा परिणाम पोहोचणार नाही इतक्या दूर आहेत. महाविद्यालयातल्या चर्चासत्रात यावर चाळीस मिनिटे बोलून झाले. आता ज्या बैठकीत नवा बंधारा बांधायचा की जुन्यातला गाळ काढायचा हे ठरणार आहे, तिथे पाच मिनिटे मिळाली आहेत.

संच उघडण्याआधी श्रोत्यांनी कोणते एक वाक्य घेऊन उठावे, ते कागदावर लिहावे. इथे ते असे आहे: नव्या बंधाऱ्याआधी जुन्यातला गाळ काढावा, कारण गाळ काढल्यावर खालच्या विहिरींचे पाणी जास्त दिवस टिकले. मग प्रत्येक स्लाइडला एकच प्रश्न विचारायचा: ही काढली तर या वाक्यावर कोणी बोट ठेवू शकेल का? स्लाइड करायला किती रात्री लागल्या, हा प्रश्न इथे गैरलागू आहे, आणि नेमका तोच निवडीच्या आड येतो.

| मूळ स्लाइड्स | संख्या | निर्णय | उरल्या |
|---|---|---|---|
| शीर्षक, रूपरेषा, आभार | ३ | गाळणे | ० |
| भूगर्भरचना आणि पूर्वीचे अभ्यास | ९ | गाळणे, एक राखीव | ० |
| मोजणीची पद्धत | ५ | आलेखाखालच्या एका ओळीत जोडणे | ० |
| विहिरींचे आणि पावसाचे आलेख | ११ | जोडून एक | १ |
| गाळाचे छायाचित्र, विहिरींचा नकाशा | २ | ठेवणे | २ |
| खर्च आणि मागणी | २ | जोडून एक | १ |

पहिल्या दोन ओळींवर फार थांबायला नको. वक्त्याचे नाव सूत्रसंचालक सांगतातच, आणि पूर्वीच्या अभ्यासांवर या बैठकीत कोणी हरकत घेणार नाही. पद्धतीच्या पाच स्लाइड्स मात्र पूर्णपणे गाळता येत नाहीत, कारण आकडे आले कुठून असे कोणीतरी विचारणारच. त्या प्रश्नाला आलेखाखालची एक ओळ पुरते: ‘२४ विहिरी, दोन वर्षे, दर महिन्याला एकदा मोजणी’.

खरा कस अकरा आलेखांच्या बाबतीत लागतो. त्यांतले चार छोटे करून एका स्लाइडवर दोन-दोनच्या चौकटीत बसवायचे, हा सर्वांना सुचणारा मार्ग. त्याने स्लाइड्स कमी होतात, वेळ मात्र तेवढाच लागतो, कारण चार आलेख समजावायला चार आलेखांइतकेच बोलावे लागते. शिवाय अक्षांवरची अक्षरे मागच्या रांगेतून वाचता येत नाहीत. म्हणून जोडणी खरी की खोटी, याची माझी कसोटी सोपी आहे. जोडलेली स्लाइड एका वाक्यात सांगता आली तर जोडणी खरी. सांगताना ‘आणि दुसरीकडे’ म्हणावे लागले, तर दोन स्लाइड्स नुसत्या एका चौकटीत कोंबल्या आहेत.

या संचात खरी जोडणी शक्य आहे. आडव्या अक्षावर दोन वर्षांचे महिने घ्यावेत. उभ्या अक्षावर जमिनीपासून पाण्याची खोली शून्य वर ठेवून दाखवावी, म्हणजे पाणी चढले की रेषाही वर जाते. हा अक्ष सुलटा ठेवला तर पाणी वाढलेले असताना रेषा खाली जाते आणि ते समजावण्यातच अर्धे मिनिट जाते. चोवीस रेषांऐवजी दोनच काढाव्यात: जवळच्या विहिरींची मध्यक पातळी आणि दूरच्या विहिरींची मध्यक पातळी. पावसाचे खांब वरच्या कडेपासून खाली लोंबते दाखवावेत.

पाऊस का ठेवायचा, ते सांगायला हवे, कारण पहिल्या कापाकापीत तीच स्लाइड जाते. दुसऱ्या वर्षी पाऊस थोडा जास्त झाला असेल तर पहिली शंका हीच येणार की पाणी पावसाने वाढले, गाळ काढल्याने नव्हे. त्या शंकेचे उत्तर दूरच्या विहिरींच्या रेषेत आहे. पाऊस त्यांच्यावरही तसाच पडला, तरी त्यांची रेषा पहिल्या वर्षासारखीच उतरली आणि जवळच्यांची उशिरा उतरली. पाऊस, जवळच्या विहिरी आणि दूरच्या विहिरी हे तिन्ही एकत्र आले तरच युक्तिवाद पुरा होतो; वेगवेगळे ठेवले तर प्रत्येक आलेख अर्धवट पुरावा ठरतो.

जोडणीची किंमतही असते. मध्यक काढला की ज्यांना फरक पडला नाही अशा विहिरी त्यात लपतात. काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात असते, त्यामुळे शेजारच्या दोन विहिरीही वेगळ्या वागू शकतात. समजा जवळच्या १४ पैकी तीन विहिरींत काहीच बदल नसेल, तर ते तोंडाने सांगावे. एरवी त्यांतल्याच एखाद्या विहिरीचा मालक सभेत उठून ते सांगतो आणि मग आलेखावर कोणी विश्वास ठेवत नाही.

गाळलेली स्लाइड पुसून टाकू नये. पॉवरपॉइंटमध्ये तिच्यावर `Hide Slide` लावून ती शेवटी ठेवावी. प्रश्न आला की सादरीकरण चालू असतानाच तिचा क्रमांक टाइप करून Enter दाबले की ती पडद्यावर येते. म्हणून राखीव स्लाइड्सचे क्रमांक टिपणात लिहून ठेवावेत. भूगर्भाच्या नऊ स्लाइड्सपैकी जमिनीचा उभा छेद मी असाच राखून ठेवीन.

काही ठिकाणी ही निवड आयोजकच करतात. इग्नाइट पद्धतीत २० स्लाइड्स दर १५ सेकंदांनी आपोआप सरकतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये सुरू केलेल्या तीन मिनिटांच्या प्रबंध स्पर्धेत एकच स्थिर स्लाइड चालते. गोष्ट सांगायची असेल तर पहिली पद्धत शोभते. आपला जोडआलेख तिथे मार खातो, कारण पंधरा सेकंदांत तो वाचून होत नाही. एकाच स्लाइडची मुभा असेल तर मी छायाचित्राचा मोह सोडून आलेखच ठेवीन.

आपल्या चार स्लाइड्सना वेळ सारखा वाटू नये. माइक हाती येण्यात वीसेक सेकंद जातात, म्हणजे उरतात २८०. छायाचित्राला ४०, नकाशाला ४०, आलेखाला १२० आणि खर्च व मागणीला ८० अशी वाटणी मी करीन. सावकाश बोलले तर एवढ्या वेळात साधारण ५०० शब्द होतात, म्हणून टिपण त्याहून लांब असेल तर आधी ते कापावे. वेळ मोजायला `Rehearse Timings` सोयीचे आहे. मात्र शेवटी वेळा जतन केल्या, तर प्रत्यक्ष सादरीकरणात स्लाइड्स त्याच वेळांनुसार आपोआप पुढे सरकतात. म्हणून बैठकीला जाण्याआधी `Use Timings` वरची खूण काढून टाकावी.