कंपन्यांना पहिला मेल: अख्खं हॉटेल दाखवायचं की एकच हॉल, रेटसकट?

वाशीत हॉटेल सेल्सला सहा वर्षं झाली, महापे-ऐरोलीच्या कंपन्यांना ओळखपाळख नसताना पाठवायचे मेल मी दोन्ही पद्धतीने लिहिलेत. नवीन कोणी ठरवत असेल तर माझा अनुभव सांगतो.

पहिली पद्धत म्हणजे सगळं एका मेलमध्ये, हॉल, फक्त दिवसापुरती मिळणारी डे-यूज रूम, बँक्वेट, सोबत ब्रोशरची पीडीएफ, आणि शेवटी ‘रेटसाठी संपर्क करा’. आमच्या साहेबांना हीच आवडते, कारण रेट लिहून दिला की कंपनी तोच धरून घासाघीस करते, आणि ही भीती अगदीच खोटी नाही. मोठ्या कंपनीचं वर्षभराचं काम असेल तर ही चालतेही, तिथे रेट तसाही बसून ठरतो.

दुसरी पद्धत, अ‍ॅडमिनवाल्या माणसाला आठ-दहा ओळी, एकच हॉल, एकच आकडा.

माझं मत दुसरीकडे फिरलं ते मिनिमम गॅरंटीमुळे, म्हणजे लोक कमी आले तरी ठरलेल्या किमान डोक्यांचे पैसे लावायच्या अटीमुळे. महाप्याच्या एका छोट्या कंपनीच्या मॅडमना १८ जणांचं ट्रेनिंग घ्यायचं होतं. त्यांनी रेट विचारला, मी तारीख विचारली, मग त्यांनी मेनू विचारला, असे तीन दिवस गेले. शेवटी मी माणशी ११०० कळवले, हॉल, जेवण, दोन चहा धरून. त्यांनी १९,८०० धरून वरून मंजुरी घेतली. आणि कोटेशन गेलं तेव्हा त्यात किमान २५ जणांचे पैसे, म्हणजे २७,५००, वर टॅक्स वेगळा. मॅडम एवढंच म्हणाल्या, "हे आधी सांगायचं ना, आता मी साहेबांना काय सांगू?" बुकिंग गेलंच, पण त्या वरती तोंडघशी पडल्या याचं मला जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून पहिल्याच मेलमध्ये लिहितो, ‘माणशी ११००, किमान २५ जणांचं बिल होईल, टॅक्स वेगळा, रेट अमुक तारखेपर्यंत’. २५ पेक्षा कमी लोक असतील तर हॉलचं भाडं वेगळं आणि जेवण माणशी, हा पर्यायही त्याच मेलमध्ये. उत्तरं कदाचित कमी येत असतील, मोजलं नाही, पण जी येतात त्यात तारीख आणि डोकी लिहिलेली असतात.

डे-यूजचा मेल मात्र वेगळाच पाठवा असं मला वाटतं, कारण त्यातली अडचण वेगळी आहे. सकाळी ९ ला रूम हवी असते, पण आमच्याकडे सोमवार ते गुरुवार हॉटेल भरलेलं, चेकआऊट १२ ला, मग हाउसकीपिंग, त्यामुळे ९ चा शब्द आदल्या रात्री रूम रिकामी असेल तरच देता येतो. म्हणून मी लिहितो, ‘९ ते ६, पण ९ ची खात्री आदल्या संध्याकाळी कळवू, येणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र लागेल’. ऑडिटला आलेले लोक किंवा इंटरव्ह्यू घेणारे पॅनल असेल तर मी आधी १ नंतरचीच वेळ सुचवतो, कॉरिडॉरमध्ये बॅगा घेऊन कोणाला उभं राहावं लागत नाही.