खाजनातला पूल: नुसत्या अ‍ॅप्रोच स्लॅबवर भागवायचं, की आधी भराव खचू द्यायचा?

गोव्यात खाजनातून, म्हणजे बांध घालून अडवलेल्या खाडीकाठच्या सखल जमिनीतून, रस्ता नेऊन खाडीवर लहानसा पूल बांधणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. पूल पाइलवर टेकलेला असतो, त्यामुळे तो जागचा हलत नाही. त्याच्या मागचा भराव मात्र चिखलावर उभा असतो आणि बसत जातो. जोडावर दणका बसतो तो या दोघांतल्या फरकामुळे. उपाय म्हणून माझ्यासमोर दोनदा दोन रस्ते आले. एकदा मी अ‍ॅप्रोच स्लॅबवर, म्हणजे पूल आणि भराव यांच्यातला फरक झाकणाऱ्या काँक्रीटच्या लादीवर, भरवसा ठेवला. दुसऱ्यांदा भराव आधी टाकून, खचू देऊन, मगच अ‍ॅबटमेंट, म्हणजे पुलाच्या टोकाचा आधार, बांधलं. हे लिहितो आहे ते आता निवड करायची असलेल्यांसाठी. माझं मत कुठल्या बाजूला झुकलं आहे ते लपणार नाही, पण पहिल्या पर्यायावर अन्याय होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

दोन्ही ठिकाणी जमीन जवळजवळ सारखीच होती. वरून सहा मीटर काळा खाडीचा चिखल, त्याखाली भुसभुशीत जांभ्याचा थर. भराव लाल मुरुमाचा, अडीच मीटर उंच. पहिला पूल तिसवाडीतल्या खाजनात, दुसरा पेडण्याकडे.

आधी स्लॅबची बाजू. साडेतीन मीटर लांब, तीनशे मिलिमीटर जाड, एक टोक अ‍ॅबटमेंटच्या डर्ट वॉलच्या, म्हणजे भराव अडवणाऱ्या भिंतीच्या, ब्रॅकेटवर आणि बाकीचा भाग भरावावर, हा आपल्याकडचा नेहमीचा स्लॅब. निविदेत तो सहज बसतो, काम थांबत नाही आणि चतुर्थीच्या आधी रस्ता खुला करता येतो. सड्यावर, म्हणजे खाली जांभाच असेल तिथे, तो आपलं काम चोख करतो. तिथे बसतो तो फक्त भराव स्वतः, आणि नीट थर देऊन दाबलेला मुरूम साधारण उंचीच्या अर्धा टक्का बसतो. अडीच मीटरला जेमतेम १२ मिलिमीटर.

खाजनात मात्र हिशोब बदलतो. गाडीत बसलेल्याला उताराचा बदल जाणवू नये यासाठी दोनशेला एक ही मर्यादा बरेच जण धरतात. साडेतीन मीटर लांबीला तेवढा उतार म्हणजे लांबच्या टोकाला साधारण १७ मिलिमीटर. त्याहून जास्त खचलं की स्लॅब ते झाकू शकत नाही. आमचा चिखल किती बसणार याचा अंदाज असा होता: भरावाचं वजन चौरस मीटरला साधारण ५० किलोन्यूटन, चिखलाच्या मध्यावर आधीपासून असलेला दाब १८, आणि दाबली जाण्याची खाजनी मातीची प्रवृत्ती लक्षात घेतली तर एकूण जवळपास ७० सेंटिमीटर. त्यातलं अर्धं बसायला पावणेदोन वर्षं, नव्वद टक्के बसायला साडेसात. चिखलातलं पाणी वर किंवा खाली वाट काढत हळूहळू निघतं आणि ते निघेपर्यंत बसणं थांबत नाही. आम्ही भराव टाकल्यावर साधारण सहा महिन्यांत रस्ता सुरू केला. तोवर २० सेंटिमीटरच्या आत काम झालं होतं. राहिलेले ५० सेंटिमीटर गाड्यांखाली व्हायचे होते.

पहिल्या वर्षी १३ सेंटिमीटर गेले. साडेतीन मीटरात १३ सेंटिमीटर म्हणजे सत्तावीसला एक. मी रोज सकाळी तिथून जायचो आणि माझ्यासाठी खरं माप होता गावचा पोदेर, म्हणजे पाववाला. सायकलच्या मागच्या टोपलीत पाव भरून तो यायचा, पुलाच्या अलीकडे थांबायचा, खाली उतरायचा, एक हात टोपलीवर ठेवून सायकल चढावर ढकलायचा आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा बसून हॉर्न वाजवत निघायचा. दोनशेला एकचा हिशोब मी कागदावर मांडला होता, पण तो पटला या माणसाचं उतरणं बघून.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपली आणि जिने माझा निर्णय ठरवला, ती सांगतो. दणका हा त्रास खरा, पण तो एकदाच बसून संपला असता तर मी काही बोललो नसतो. त्रास होता ऑक्टोबरच्या डांबराचा. पाऊस संपला की आम्ही त्या खड्ड्यावर गरम डांबराचा उताराचा थर घालायचो, जोडाजवळ जाड, दहा-बारा मीटरवर शून्याला मिळवलेला. काम दोन दिवसांचं, निकाल लगेच दिसणारा, गावातले लोक खूश. पण डांबराचंही वजन असतं. दहा सेंटिमीटरचा थर म्हणजे चौरस मीटरला सुमारे २.४ किलोन्यूटन, आणि त्याच हिशोबाने तेवढ्या वजनाने चिखल आणखी दोन सेंटिमीटर बसतो. म्हणजे घातलेल्यातला पाचवा भाग तो थर स्वतःच गिळतो, आणि वर भरावाचं बसणं चालूच असतं. तिसऱ्या वर्षी ड्रेनेजसाठी रस्त्याची कड कापली तेव्हा तीन वर्षांचे थर बिबिंकेच्या पदरांसारखे एकावर एक दिसले. कर्ब जवळजवळ बुडाला होता आणि बाजूच्या कठड्याची उंची कमी झाली होती. ती उंची वाहनांच्या सुरक्षिततेसाठी असते, हे विसरून चालत नाही.

दुसरी बाब दिसत नव्हती. स्लॅब आणि डर्ट वॉल यांच्यामधल्या फटीतून पावसाचं पाणी आत जायचं आणि मुरुमातले बारीक कण वाहून न्यायचं. स्लॅबच्या टोकाजवळ हातोडीने ठोकलं तर एका ठिकाणी घट्ट आवाज यायचा आणि दीड हात बाजूला पोकळ. स्लॅब वरून अखंड दिसतो आणि खाली पोकळी वाढत असते. हे टाळायचं असेल तर जोड नीट बंद हवा, अ‍ॅबटमेंटमागे साधारण सहाशे मिलिमीटरचं दगडी फिल्टर हवं आणि पाणी बाहेर सोडणारे वीप होल दर पावसाळ्याआधी मोकळे करायला हवेत. हे करूनही खालचा चिखल बसणं थांबत नाही, एवढंच.

दुसऱ्या पुलावर आम्ही क्रम उलटा केला. पावसाळा उलटून खाजन थोडं सुकल्यावर वाळूचा थर पसरला आणि मशिनने पीव्हीडी म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीचे उभे निचरे दर १.२ मीटरवर त्रिकोणी मांडणीत चिखलाच्या तळापर्यंत घातले. ते घातले की पाण्याला तीन मीटर वाट काढावी लागत नाही, अर्धा-पाऊण मीटरवर निचरा सापडतो. मग त्याच जागी अडीच मीटर भराव आणि वर एक मीटर जादा मुरूम चढवला. तो जादा मीटर शेवटी काढून टाकायचा असतो, त्याला सरचार्ज म्हणायचं, आणि पूल बांधण्याआधी असं वजन चढवून चिखल बसवून घेण्याला प्रीलोड. खाजनाचा चिखल फार मऊ असतो. त्यावर सगळं एकदम चढवलं तर तो बाजूला सरकतो आणि बांध उखडतो. म्हणून दोन टप्प्यांत काम केलं. पहिला टप्पा फेब्रुवारीत, आणि बसण्याचा वेग कमी झाल्यावर दुसरा मे महिन्यात.

बसणं मोजायच्या सेटलमेंट प्लेट पहिला टिपर रिकामा होण्याआधी बसवल्या होत्या. दर सोमवारी सकाळी लेव्हलने वाचन घ्यायचो. दुसऱ्या टप्प्यानंतरचे पहिले काही आठवडे ३५ ते ४० मिलिमीटरचे, पावसाळ्याच्या शेवटी ८ ते ९ चे. हिशोबाने जादा वजनाखाली चिखल एकूण सुमारे ८३ सेंटिमीटर बसला असता, आणि आम्हाला गाठायचे होते अडीच मीटर भरावाखालचे ७०. ते आकडे ऑक्टोबरअखेर गाठले, तेव्हा वरचा मीटर काढला. वजन कमी झाल्याबरोबर चिखलाचं बसणं जवळजवळ थांबलं. त्यानंतर भरावाचा मागचा भाग कापून पाइल आणि अ‍ॅबटमेंट उभं केलं. साडेतीन मीटरचा स्लॅब इथेही टाकलाच, कारण अ‍ॅबटमेंटला लागून रोलर पोहोचत नाही आणि तिथला भराव हाताच्या कॉम्पॅक्टरने दीडशे मिलिमीटरच्या थरांनीच दाबावा लागतो. तेवढा फरक झाकणं हे स्लॅबच्या आवाक्यातलं काम आहे.

याची किंमत आहे आणि ती मोठी आहे. पावसाळा अख्खा थांबावं लागतं. गावातले लोक येऊन विचारतात की मातीचा ढीग टाकून तुम्ही गेलात कुठे. पूल एक वर्ष उशिरा खुला होतो आणि निविदेच्या दिवशी हा पर्याय महागच दिसतो. माझ्या मते तिसऱ्या वर्षाच्या डांबराचा खर्च धरला की अंतर बरंच कमी होतं, पण ते मी मोजून सिद्ध केलेलं नाही. दोन पावसाळ्यांनंतर तिथे १५ मिलिमीटरच्या आत फरक आहे आणि पोदेर जोडावर उतरत नाही. माझ्यासाठी एवढं पुरेसं ठरलं.

मधले पर्यायही आहेत. चिखल दोन मीटरच्या आत असेल तर तो काढून जांभा भरावा आणि स्लॅबवर भागवावं, एवढी सगळी यातायात नको. उंच भरावाऐवजी एक गाळा वाढवून पूल लांब करणं हा चांगला पर्याय आहे, पैसे असतील तर. हलक्या फोमच्या ठोकळ्यांचा भराव मला खाजनात नको वाटतो. मानस, म्हणजे बांधातला पाण्याचा दरवाजा, बिघडून पाणी चढलं तर तो तरंगू पाहतो, आणि त्याला दाबून धरायला वर पुन्हा वजन घालावं लागतं.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. तुमचं अ‍ॅबटमेंट पाइलसकट आधीच उभं असेल तर त्याच्या मागे प्रीलोड चढवू नका. बसणारा आणि सरकणारा चिखल पाइलना खाली ओढतो आणि खाडीकडे ढकलतो. मग दणका बाजूला राहतो आणि बेअरिंगच सरकायला लागतात. अशा ठिकाणी स्लॅब लांबीला दुप्पट करा, भराव शक्य तेवढा कमी उंच ठेवा, पहिली तीन-चार वर्षं कच्चं डांबर ठेवा आणि दर ऑक्टोबरला नवा थर चढवण्याआधी जुना खरवडून काढा, म्हणजे वजन वाढणार नाही.